कर्णावर फिरणारी फळी

प्लायवूडची एक आयताकृती फळी घ्या. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर, वजन १.२ किलो. तिच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना आसाची टोकं घट्ट बसवली आणि ती ६० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बेअरिंगांत अडकवली, की फळी स्वतःच्या कर्णाभोवती फिरायला मोकळी झाली. फळी स्थिर असताना तिच्यात काही खोट दिसत नाही. आस बरोबर वस्तुमानकेंद्रातून जातो, त्यामुळे हाताने फिरवून कोणत्याही कोनात सोडली तरी ती तिथेच राहते. एक बाजू जड म्हणून खाली येते, असं होत नाही. प्रत्येक बेअरिंगवर फळीच्या वजनाचा निम्मा भार, म्हणजे सहा न्यूटनच्या आसपास.

आता मोटर जोडून तिला मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या वेगाने फिरवलं, तर बेअरिंगं हादरायला लागतात. प्रत्येक बेअरिंगवर सुमारे २२ न्यूटनची ओढ येते, म्हणजे स्थिर भाराच्या जवळजवळ चौपट. ही ओढ एका दिशेला टिकत नाही, फळीबरोबर सेकंदाला दहा वेळा गोल फिरते, आणि डावं बेअरिंग वर ओढलं जातं तेव्हा उजवं खाली ओढलं जातं. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते. हीच फळी लांबीला समांतर अशा मधल्या रेषेभोवती फिरवली, तर यातलं काहीही होत नाही. ती कितीही वेगाने फिरवा, बेअरिंगांवर फळीच्या वजनापलीकडे काही येत नाही.

दोन्ही आस वस्तुमानकेंद्रातून जातात, दोन्हींभोवती फळीची विभागणी सारखी दिसते. तरी एक आस फळीला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. हा फरक नेमका कशात आहे, हे सांगणारं गणित म्हणजे इनर्शिया टेन्सर, आणि वस्तूला मानवणाऱ्या दिशा म्हणजे तिचे मुख्य अक्ष.

बारावीच्या पुस्तकात आपण कोनीय संवेगाचं सूत्र L = Iω असं शिकतो. त्यात I ही एक साधी संख्या असते, रेषीय गतीतल्या वस्तुमानासारखी. त्यामुळे L आणि ω एकाच दिशेला असणार, हे आपण न विचारताच धरून चालतो. पुस्तकातल्या चकत्या, कडी आणि गोळे नेहमी त्यांच्या सममितीच्या अक्षाभोवतीच फिरतात, म्हणून हे गृहीतक कधी उघडं पडत नाही. मला वाटतं, विद्यार्थ्यांना टेन्सर अवघड जातो तो इथे. तिसऱ्या वर्षाला अचानक नऊ संख्यांचा चौकोन समोर येतो आणि एका संख्येचं काय चुकत होतं, ते कोणी दाखवलेलंच नसतं. कर्णावरची फळी ते दाखवते.

हिशेब सोपा करायला एक सोय आहे. एकजिनसी आयताकृती फळीच्या जागी चारही कोपऱ्यांवर तिच्या वस्तुमानाचा बारावा हिस्सा ठेवला आणि उरलेलं सगळं मध्यावर ठेवलं, तर फिरण्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. सगळी जडत्व आघूर्णं तीच येतात. म्हणजे आपली फळी म्हणजे कोपऱ्यांवर १००-१०० ग्रॅमची चार वजनं आणि मध्यावर ८०० ग्रॅम. मध्यावरचं वजन जागेवरच असतं, ते सोडून द्या. चारपैकी दोन वजनं तर ज्या कर्णाभोवती आपण फिरवतोय त्या कर्णावरच आहेत. तीही हलत नाहीत. खरी हालचाल उरते ती दुसऱ्या कर्णाच्या टोकांवरच्या दोन वजनांची. सगळी फळी म्हणजे आता एक डंबेल, आसावर तिरकं बसवलेलं.

या दोन वजनांचं आसापासूनचं लंबांतर २४ सेंटिमीटर येतं. पण ती आसावर समोरासमोर नाहीत. एक वजन मध्यापासून सात सेंटिमीटर इकडे आहे, दुसरं सात सेंटिमीटर तिकडे. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर प्रत्येक वजनाला वर्तुळात ठेवायला सुमारे ९५ न्यूटन बल लागतं. दोघांची बलं समान आणि विरुद्ध आहेत, म्हणून बेरीज शून्य होते. फळी स्थिर असताना संतुलित वाटते त्याचं कारणही हीच सममिती. पण दोन बलं एका रेषेत नाहीत, त्यांच्यात १४ सेंटिमीटरचं अंतर आहे. त्यामुळे ९५ गुणिले ०.१४, म्हणजे १३.३ न्यूटन-मीटर एवढा टॉर्क सतत द्यावा लागतो. तो देणार कोण? बेअरिंगं. ६० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बेअरिंगांना त्यासाठी प्रत्येकी २२ न्यूटन लावावे लागतात.

आता याच डंबेलचा कोनीय संवेग पाहू. प्रत्येक कणाचा संवेग r × p, म्हणजे r ला लंब. दोन्ही वजनांचा r दुसऱ्या कर्णावर आहे, म्हणून एकूण L दुसऱ्या कर्णाला लंबच असणार. ω मात्र पहिल्या कर्णावर आहे. आयताचे कर्ण एकमेकांना लंब नसतात, ते फक्त चौरसात असतात. म्हणून L आणि ω या दोन दिशा वेगळ्या. आपल्या फळीत त्यांच्यातला कोन १६.३ अंश येतो. ω जागच्या जागी आहे, आसाने त्याला धरून ठेवलंय. पण L फळीला जखडलेला आहे, फळीबरोबर तो आसाभोवती शंकूवर फिरतो. सदिशाची दिशा बदलते म्हणजे सदिश बदलतो, आणि L बदलायला टॉर्क लागतो. मघाचे १३.३ न्यूटन-मीटर ते हेच. वजनांवरच्या बलांतून काढा किंवा ω × L करून काढा, उत्तर तेच येतं.

चारचाकीचं व्हील बॅलन्सिंग करणारा कारागीर शिशाचे छोटे तुकडे रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या, अशा दोन्ही कडांना लावतो, ते याच कारणासाठी. नुसतं वस्तुमानकेंद्र आसावर आणायचं असतं तर एका कडेने भागलं असतं. दोन कडा लागतात, कारण L लाही ω च्या रेषेत आणायचं असतं.

L आणि ω वेगवेगळ्या दिशांना असतील तर त्यांना जोडणारी गोष्ट एक संख्या असू शकत नाही. संख्येने गुणलं तर सदिशाची लांबी बदलते, रेषा बदलत नाही. म्हणजे एका सदिशाचं दुसऱ्या दिशेच्या सदिशात रूपांतर करणारं काहीतरी हवं. एकेका कणासाठी हिशेब मांडला तर L = m [ r² ω − r (r·ω) ] असं येतं. पहिलं पद ω च्या दिशेचं आहे, दुसरं r च्या. दिशा वळते ती या दुसऱ्या पदामुळे. सगळ्या कणांची बेरीज केली आणि घटक वेगळे लिहिले, की नऊ संख्यांचा मॅट्रिक्स मिळतो. कर्णावरच्या नोंदी ओळखीच्या, म्हणजे त्या त्या अक्षाभोवतीची जडत्व आघूर्णं. कर्णाबाहेरच्या नोंदी नव्या:

```
Ixx =  Σ m (y² + z²)
Ixy = −Σ m x y
```

Ixy आणि Iyx सारख्याच, म्हणून मॅट्रिक्स सममित आणि नऊपैकी स्वतंत्र संख्या सहा. कर्णाबाहेरच्या नोंदीचा अर्थ कोरडा वाटतो, पण तो हातात धरता येतो. Ixy म्हणजे वस्तू x अक्षाभोवती एक रेडियन प्रतिसेकंदाने फिरत असताना y च्या दिशेला जो कोनीय संवेग तयार होतो तो. मॅट्रिक्सचा पहिला स्तंभ म्हणजे x भोवती फिरवल्यावर येणारा अख्खा L, दुसरा स्तंभ म्हणजे y भोवती फिरवल्यावर येणारा. एवढं लक्षात ठेवलं की मॅट्रिक्स पाठ करावा लागत नाही, वाचता येतो.

आपल्या फळीसाठी तो मांडू. x अक्ष आस ज्या कर्णावर आहे त्या कर्णावर, y अक्ष फळीच्या पातळीत त्याला लंब, z अक्ष फळीला लंब. एकक किलोग्रॅम-मीटर वर्गाचा हजारावा भाग:

```
11.52    3.36    0
 3.36   13.48    0
 0       0      25
```

पहिला स्तंभ वाचा. कर्णाभोवती फिरवली तर x दिशेला ११.५२ आणि y दिशेला ३.३६ संवेग येतो. त्यांचं गुणोत्तर घेऊन कोन काढला की १६.३ अंश मिळतो. हादरणाऱ्या बेअरिंगांची सगळी हकीकत या ३.३६ मध्ये आहे. z च्या रांगेतली शून्यं सांगतात की फळीच्या पृष्ठाला लंब आसाभोवती ती निमूट फिरेल.

मग प्रश्न असा की फळीच्या पातळीत अशी कोणती दिशा आहे, जिच्याभोवती फिरवल्यावर L त्याच दिशेला येईल? म्हणजे Iω = λω हे समीकरण सोडवायचं. गणिताच्या तासाला आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनव्हेक्टर म्हणून जे शिकवलं जातं, ते इथे बेअरिंग न हादरण्याची अट म्हणून समोर येतं. z वेगळा झालेलाच आहे, उरलेल्या दोन बाय दोनच्या चौकोनाची बेरीज ११.५२ + १३.४८ = २५ आणि निश्चयक १४४. म्हणून

```
λ² − 25λ + 144 = 0
```

याची उत्तरं ९ आणि १६. तिसरी किंमत २५ आधीपासून होतीच. λ = ९ परत घालून दिशा काढली तर ती कर्णापासून ३६.९ अंशांवर येते, आणि ती फळीच्या लांब बाजूला बरोबर समांतर निघते. λ = १६ ची दिशा आखूड बाजूला समांतर. आपण तिरक्या अक्षांवरून सुरुवात केली आणि फळीच्या कडा गणितातून बाहेर आल्या. पडताळा हवा असेल तर सरळ सूत्राने मोजा: १.२ गुणिले ०.३ चा वर्ग भागिले १२, म्हणजे ०.००९. आखूड बाजूला समांतर रेषेभोवती ०.०१६. जुळलं.

फळीच्या बाबतीत हे मुख्य अक्ष नजरेने सांगता आले असते, कारण ती सममित आहे. या विषयातली मोठी गोष्ट अशी आहे की सममिती नसली तरी असे अक्ष असतातच. नदीतला वेडावाकडा धोंडा घ्या किंवा एका बाजूला मोटर लटकलेलं यंत्र घ्या, वस्तुमानकेंद्रातून एकमेकांना लंब अशा तीन दिशा निघतातच, ज्यांच्याभोवती वस्तू आसाला न हादरवता फिरते. हे सर्वप्रथम योहान सेग्नर यांनी १७५५ साली दाखवलं. लेओनार्ड ऑयलर यांनी १७६५ सालच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात या अक्षांवर दृढ वस्तूच्या गतीचा पूर्ण सिद्धान्त उभारला आणि सेग्नर यांचं श्रेय मान्य केलं. तेव्हा मॅट्रिक्स ही कल्पना नव्हती. आज आपण एका वाक्यात सांगतो: सममित वास्तव मॅट्रिक्सला परस्परलंब आयगेनव्हेक्टर असतातच. वाक्य आखूड आहे, पण Ixy = Iyx ही साधी बरोबरी किती मोठं काम करते, ते धोंडा हातात घेतल्यावर कळतं.

दोन आयगेनव्हॅल्यू सारख्या निघाल्या, तर त्या दोन दिशांच्या पातळीतली प्रत्येक दिशा मुख्य अक्ष होते. फळी चौरस असती तर कर्णावरही ती शांत फिरली असती. घनाचं उदाहरण आणखी नवलाचं. त्याच्या तिन्ही किंमती सारख्या असतात, म्हणून तो केंद्रातून जाणाऱ्या कोणत्याही आसाभोवती, अगदी तिरक्याही, गोळ्यासारखाच वागतो. कोपरे असूनही.

प्रत्यक्ष कामात हा मॅट्रिक्स हाताने क्वचितच काढतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून तो तयार मिळतो, आणि चुका होतात त्या तो वापरताना. सगळ्यात फसवी चूक चिन्हाची. काही सॉफ्टवेअर कर्णाबाहेरच्या नोंदी −Σ m x y अशा देतात, काही नुसतं Σ m x y देतात आणि उणे चिन्ह तुम्ही लावायचं असतं. आपल्या फळीत ३.३६ च्या जागी −३.३६ पडलं तर काय होतं बघा. बेरीज तीच, निश्चयक तोच, आयगेनव्हॅल्यू पुन्हा ९ आणि १६. आकड्यांवर नजर टाकणाऱ्याला काहीच खटकणार नाही. पण लांब बाजूचा अक्ष आता कर्णाच्या दुसऱ्या बाजूला ३६.९ अंशांवर जातो, म्हणजे खऱ्या दिशेपासून ७३.७ अंश दूर. म्हणून उत्तर तपासताना किंमतींवर थांबू नये. निघालेला अक्ष वस्तूच्या चित्रावर आखावा आणि सर्वांत लहान किंमतीचा अक्ष वस्तूच्या लांबीच्या बाजूने जातो का, हे डोळ्यांनी पाहावं.

दुसरी एक कसोटी मला फार आवडते. कोणत्याही वस्तूच्या तीन मुख्य किंमतींपैकी दोनची बेरीज तिसरीपेक्षा कमी असू शकत नाही. कारण Ixx आणि Iyy ची बेरीज केली तर Izz मिळून वर 2 Σ m z² उरतं, आणि ते उणे होऊच शकत नाही. सपाट फळीत z शून्य, म्हणून बरोबरी: ९ आणि १६ मिळून २५. कोणी ५, ७, २० अशा किंमती दिल्या, तर असं वस्तुमान जगात कुठेच नाही. एकक चुकलंय किंवा एखादी नोंद चुकीच्या बिंदूभोवती मोजली गेलीय.

आतापर्यंत फळीला आसाने धरलं होतं. आता आस काढून टाकू आणि फळी हवेत फिरवत उडवू. बाहेरून टॉर्क नाही, म्हणून L जागच्या जागी राहणार आणि हलण्याची पाळी ω ची. मुख्य अक्षाभोवती अचूक फिरवली तर दोन्ही एका रेषेत आहेत, तेव्हा फिरणं चालू राहील. पण हाताने अचूक काही होत नाही, थोडी चूक राहतेच. त्या चुकीचं पुढे काय होतं, ते ऑयलर यांची समीकरणं सांगतात. फळीबरोबर फिरणाऱ्या मुख्य अक्षांवर ती अशी आहेत, आणि १, २, ३ म्हणजे अनुक्रमे ९, १६, २५ चे अक्ष:

```
I1 dω1/dt = (I2 − I3) ω2 ω3
I2 dω2/dt = (I3 − I1) ω3 ω1
I3 dω3/dt = (I1 − I2) ω1 ω2
```

मधल्या अक्षाभोवती, म्हणजे १६ भोवती, फिरवलं असं धरा. ω2 मोठा, बाकीचे दोन चुकीपुरते लहान. पहिल्या समीकरणात (१६ − २५)/९ = −१, तिसऱ्यात (९ − १६)/२५ = −०.२८. दोन्ही उणे. एकात दुसरं घातलं की ω1 चा दुसरा डेरिव्हेटिव्ह अधिक ०.२८ ω2² ω1 इतका येतो. अधिक चिन्ह म्हणजे घातांकी वाढ, दर ०.५३ ω2. एका पूर्ण फेरीत ही वाढ सुमारे २८ पट होते. सोडताना वाढणाऱ्या प्रकारची चूक एक अंशाची असेल, तर एका फेरीनंतर ती २८ अंशांच्या घरात जाते, आणि मग फळी उलटी होते. हा २८ चा आकडा फळीच्या आकारमानावर, वजनावर किंवा वेगावर अवलंबून नाही, तो फक्त तीन आणि चारच्या प्रमाणातून आला आहे. म्हणून इथे हाताचं कौशल्य फारसं कामी येत नाही. एक पुठ्ठ्याचं पुस्तक रबराने घट्ट बांधा, मुखपृष्ठ वर करून आणि कणा डाव्या हाताला ठेवून आडवं धरा, आणि दूरची कड वर येऊन तुमच्याकडे वळेल असं उडवा. झेलताना बहुतेक वेळा मुखपृष्ठ खाली आणि कणा उजव्या हातात आलेला असेल.

लहान किंवा मोठ्या अक्षाभोवती हेच गणित केलं तर दोन गुणकांपैकी एक अधिक आणि एक उणे येतो, गुणाकार उणे होतो आणि चूक वाढण्याऐवजी मागेपुढे डोलत राहते. म्हणजे तीन मुख्य अक्षांपैकी दोन टिकाऊ, मधला नाही. १९८५ साली साल्युत-७ या अंतराळस्थानकात व्लादिमीर जानिबेकोव यांना आट्यावरून सुटलेली एक पंखाची चाकी हवेत तरंगताना ठरावीक वेळाने उलटीपालटी होताना दिसली, ती याच मधल्या अक्षामुळे. तिथे खाली पडायची घाई नव्हती, म्हणून एकच उलथापालथ न दिसता त्यांची माळच दिसली.

इथपर्यंतचं सगळं दृढ वस्तूच्या गणितात बसत होतं. १९५८ साली त्यात एक मोठी दुरुस्ती झाली, आणि ती एका उपग्रहाने करून दाखवली.

३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अमेरिकेने आपला पहिला उपग्रह, एक्सप्लोरर-१, केप कॅनाव्हेरलवरून सोडला. पेन्सिलसारखा सडपातळ: लांबी सुमारे दोन मीटर, व्यास १५ सेंटिमीटर, वजन १४ किलो. दिशा टिकावी म्हणून तो लांबीच्या अक्षाभोवती मिनिटाला सुमारे ७५० फेऱ्यांच्या वेगाने फिरवला होता. सडपातळ नळकांड्यासाठी हा सर्वांत लहान जडत्व आघूर्णाचा अक्ष, आणि वरच्या गणिताप्रमाणे तो टिकाऊ. तरीही पहिल्या काही तासांतच उपग्रह आडवा होऊन, एका टोकावरून दुसऱ्या टोकावर अशा कोलांट्या घेऊ लागला.

गणित चुकलं नव्हतं. गणितातली ‘दृढ’ ही अट उपग्रह पाळत नव्हता. त्याच्या अंगाला लवचिक तारांचे चार अँटेना होते. लांबीच्या अक्षाभोवतीचं फिरणं जराही डोललं की त्या तारा पुढेमागे वाकत आणि प्रत्येक वाकण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाई. बाहेरून टॉर्क नसल्यामुळे L बदलू शकत नव्हता, ऊर्जा मात्र कमी होत होती. मुख्य अक्षाभोवती फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा L²/2I असते. L ठरलेला असेल तर सर्वांत लहान I च्या अक्षावर ऊर्जा सर्वांत जास्त, सर्वांत मोठ्या I च्या अक्षावर सर्वांत कमी. ऊर्जा झिरपत राहिली की वस्तू लहान अक्षावरून निघून मोठ्या अक्षावर जाऊन थांबणार, वाटेत दुसरा मुक्काम नाही.

आकडे घालून पाहू. नळकांडं पूर्ण भरीव धरलं तर लांबीच्या अक्षाभोवतीचं आघूर्ण ०.०४ किलोग्रॅम-मीटर वर्ग, नुसतं कवच धरलं तर ०.०८. खरा उपग्रह या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. आडव्या अक्षाभोवती मात्र ४.८. म्हणजे साठ ते एकशेवीस पटींचा फरक. L तोच ठेवून आडवं फिरायचं तर ७५० फेऱ्यांचा वेग मिनिटाला सहा ते बारा फेऱ्यांवर येतो, आणि फिरण्यातली अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त ऊर्जा नाहीशी होते. ऐकायला हे प्रचंड वाटतं, पण मुळात ती ऊर्जा होती किती? सुमारे दोनशे जूल, म्हणजे एक किलोचं वजन वीस मीटर उचलायला लागेल तेवढी. सेकंदाला साडेबारा फेऱ्यांच्या तालात वाकणाऱ्या चार तारांना तेवढी संपवायला फार वेळ लागला नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले रोनाल्ड ब्रेसवेल आणि ओवेन गॅरिएट यांनी उपग्रहांच्या फिरण्याचा हा हिशेब त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये मांडला. गॅरिएट पुढे स्वतः अंतराळवीर झाले. त्यानंतर फिरवून स्थिर ठेवायच्या उपग्रहांसाठी नियम बदलला: फिरण्याचा अक्ष नुसता मुख्य अक्ष असून चालत नाही, तो सर्वांत मोठ्या आघूर्णाचा असला पाहिजे. हे सोपं नव्हतं, कारण रॉकेटचं नाक अरुंद असतं आणि त्यात लांब, सडपातळ वस्तू छान बसते, तर नियमाला हवा असतो बुटका आणि रुंद आकार. सुरुवातीचे फिरते दळणवळण उपग्रह ढोलासारखे रुंद झाले ते या कारणाने.

हा नियम वस्तू अखेर कुठे जाईल ते सांगतो, किती वेळात ते सांगत नाही. तो वेळ वस्तू किती वाकते, तिच्या टाकीत इंधन किती हिंदकळतं, सांधे किती ढिले आहेत यावर ठरतो, आणि तो काढायला इनर्शिया टेन्सर पुरत नाही, प्रत्येक भागातली ऊर्जेची गळती वेगळी मोजावी लागते. बुटक्या, रुंद उपग्रहात मात्र हीच गळती उपयोगाला येते. रॉकेटपासून सुटताना बसलेल्या धक्क्याने तो डोलत असतो, आणि ते डोलणं थांबवायला त्याच्या आत मुद्दाम द्रव भरलेली नळी बसवतात. डोलण्याबरोबर द्रव नळीत घासत फिरतो, ऊर्जा उष्णतेत जाते, आणि L च्या रेषेपासून सरकलेला ω हळूहळू पुन्हा सर्वांत मोठ्या आघूर्णाच्या अक्षावर येऊन बसतो.